फवारणीची बाधा: अ‍ॅट्रोपिन दिलं, पाम दिलं नाही. डॉक्टरांचं चुकलं का?

पांढरं सोनं
मागच्या गुरुवारी मोठे काका कपाशीवर फवारत होते. पाठीवरच्या पंपाचं झाकण गळत होतं, पण "एवढ्या चार ओळी उरकतो" म्हणत दुपारभर तसंच चाललं. पाठ, कंबर, पँट सगळं ओलं. औषध प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र असलेलं. चारच्या सुमारास डोकं जड झालं, समोरचं धूसर दिसायला लागलं, मग उलट्या. घरी आणेपर्यंत तोंडातून लाळेची तार, घामाने अंग निथळलेलं आणि दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली तर बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या. त्यांनी कपडे काढायला लावून साबणाने आंघोळ घातली, अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन दिलं आणि तालुक्याला पाठवलं.

तिथे रात्रभर अ‍ॅट्रोपिन चालू होतं. पहाटे तीनला काका चादरीवरून मुंग्या वेचायला लागले, मला ओळखेनात, अंग तापलेलं. आम्हाला वाटलं विष मेंदूत चढलं. डॉक्टरांनी उलट औषध थांबवलं आणि तासाभराने कमी करून परत लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका शुद्धीत. आज पाचवा दिवस, भाकरी खातायत.

आता चुलतभावाला कुणीतरी सांगितलंय की विषावर खरा उतारा पाम असतो आणि तो दिलाच नाही, म्हणजे हयगय झाली. भाऊ लेखी तक्रार करायला निघालाय. पाम द्यायलाच हवं होतं का? आणि अ‍ॅट्रोपिनने माणूस भ्रमतो, तर ते देतात कशाला?

कृषी केंद्रवाला
बावीस वर्षं दुकान आहे, म्हणून सांगतो. डब्यावर उतारा छापलेला असतो, अ‍ॅट्रोपिन आणि २-पाम, दोन्ही. अ‍ॅट्रोपिन हा प्रथमोपचार. विष मारायचं काम पाम करतं. अ‍ॅट्रोपिन बाहुल्या मोठ्या होईपर्यंत द्यायचं आणि पाम सुरू करायचं, हा नियम. पाम दिलं नसेल तर अर्धाच उपचार झाला. भावाचं बरोबर आहे.

वऱ्हाडी ठेचा
माह्या सासऱ्याले बी असंच झालं होतं. थे तर म्हने, "मले काई नाई झालं, ऊन लागलं." आमी कांद्याचा रस देल्ला, दोन घंटे वाया गेले. ऊन लागलेल्याचं अंग कोरडं होते ना बापा, अन यायले तर घामाचे धारे! कोनाच्या ध्यानातच नाई आलं.

भूलवाला
मी भूलतज्ज्ञ. तालुक्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभाग सांभाळतो. पावसाळा सरला की निम्म्या खाटा याच रुग्णांच्या. वऱ्हाडी ठेचा, तुमचं निरीक्षण फार नेमकं आहे. ऑक्टोबरच्या उन्हात दोन्हींत माणूस गळून पडतो, पण लाळ, घाम, बारीक बाहुल्या आणि छातीत घरघर एकत्र दिसली की ते ऊन नव्हे.

सोनं, तुमच्या भावाला समजेल अशा भाषेत सांगतो. मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं आणि समोरच्या ग्रंथीला किंवा स्नायूला "काम कर" म्हणून सांगतं. हे पाटाचं पाणी समजा. पाणी शेतात गेलं की पाटकरी लगेच दार पाडतो. आपल्या अंगातला हा पाटकरी म्हणजे कोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम. प्रोफेनोफॉससारखं ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक नेमके त्याचेच हात बांधतं. दार उघडंच राहतं आणि पाणी सगळ्या शेतांत भरतं. लाळेच्या ग्रंथी थांबत नाहीत, घाम थांबत नाही, आतडी पिळवटतात, लघवी-संडास कपड्यातच होते, श्वासनळ्या आवळतात आणि फुप्फुसात फेस साचतो. पहिल्या काही तासांत माणूस बहुतेक यानेच जातो. कोरड्या जमिनीवर बुडून मरतो म्हणा ना.

अ‍ॅट्रोपिन पाटकऱ्याला हातही लावत नाही. ते शेताच्या तोंडाशी बांध घालतं. पाणी पाटात तसंच, पण फुप्फुसात, हृदयात, ग्रंथींत, आतड्यात शिरत नाही. म्हणजे त्याने विष मरत नाही, कृषी केंद्रवाले, पण रुग्ण त्यानेच जगतो. त्याला प्रथमोपचार म्हणणं म्हणजे पुरात नावेला प्रथमोपचार म्हणण्यासारखं.

मात्र हा बांध सगळ्या शेतांना बसत नाही. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचं कुलूप वेगळ्या जातीचं. तिथे अ‍ॅट्रोपिनची किल्ली लागत नाही. काकांच्या दंडाची फडफड अ‍ॅट्रोपिनने थांबली नसणार, बघा आठवून. हेच स्नायू पुढे थकून लुळे पडतात.

पामचं काम थेट पाटकऱ्यावर. ते पाटकऱ्याच्या हातांची गाठ सोडवतं, एन्झाइम पुन्हा कामाला लावतं. पण काथ्याची गाठ भिजून सुकली की सुटत नाही, तसं काही तासांनी विष त्या एन्झाइमवर कायमचं आवळलं जातं. आम्ही त्याला एजिंग म्हणतो. मग पामने काही होत नाही. शरीर नवे पाटकरी नेमेपर्यंत वाट बघायची.

पांढरं सोनं
हो, दंड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडत होता! घाम मात्र रात्रीच बंद झाला होता. पण मग पाम लगेच का नाही दिलं? आम्ही दोन तासांत पोचलो होतो.

भूलवाला
गाठ किती वेळात सुकते ते कोणत्या औषधाची आहे यावर ठरतं. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस या घराण्यात अर्धी एन्झाइमं अडकायला दीड दिवसाच्या आसपास लागतो, म्हणजे पामला वाव आहे. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट, डायक्लोरव्हॉस यांच्यात तेच साधारण चार तासांत होतं. आणि तुमच्या काकांचं प्रोफेनोफॉस तर याहून वेगळ्या बांधणीचं आहे. त्याची गाठ इतक्या झपाट्याने आवळते की पामचा उपयोग जवळपास दिसत नाही. शिवाय सोबतचं सायपरमेथ्रिन पाटकऱ्याच्या वाटेलाच जात नाही, त्यावर पामचा प्रश्नच नाही.

त्या डॉक्टरांनी डबा बघून निर्णय घेतला की पाम उपलब्धच नव्हतं, हे मी इथून सांगू शकत नाही. पण "पाम दिलं नाही म्हणजे हयगय" असं या औषधाच्या बाबतीत मी तरी लिहून देणार नाही.

चष्मिस आई
जरा मधेच विचारते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी रोज रात्री अ‍ॅट्रोपिनचा थेंब दिलाय. वरचं वाचून हातपाय गार पडले. ते बंद करू का?

भूलवाला
नका बंद करू, ताई. औषध तेच, पण त्या थेंबाची ताकद बहुधा ०.०१ टक्का असते, म्हणजे एका थेंबात मिलिग्रॅमचा काही हजारावा भाग. इथे आपण शेकडो-हजारो पटींनी मोठ्या मात्रेबद्दल बोलतोय. पण बाटली मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

निवासी डॉक्टर
मेडिसिनचा दुसऱ्या वर्षाचा निवासी. थोडं तिखट लिहितो. पाम हे मुळातच जुन्या सवयीने दिलं जातं. २००९ साली श्रीलंकेतली चाचणी प्रसिद्ध झाली. २३५ रुग्ण, अर्ध्यांना पाम, अर्ध्यांना नुसतं सलाईन. पामवाल्या गटात सुमारे २५ टक्के दगावले, सलाईनवाल्यांत १६ टक्के. एन्झाइम रक्तात जागं झालेलं दिसत होतं, तरी रुग्ण वाचले नाहीत. तेव्हा ज्याचा उपयोग नाही, ते न दिल्याबद्दल तक्रार कसली?

भूलवाला
निवासी, आकडे बरोबर, निष्कर्ष जरा घाईचा. ती चाचणी ठरलेली संख्या गाठायच्या आधीच थांबली आणि दोन गटांतला फरक योगायोगानेही येऊ शकतो एवढाच होता. "पामने मारलं" असं त्यावरून म्हणता येत नाही.

आता घरचं उदाहरण घ्या. बारामतीची चाचणी, २००६ सालची. दोनशे रुग्ण. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम पाम अर्ध्या तासात दिलं. मग एका गटाला ४८ तास दर तासाला १ ग्रॅम सलग, दुसऱ्याला दर चार तासांनी १ ग्रॅम. सलगवाल्यांत १ टक्का दगावले, तुटकवाल्यांत ८ टक्के. पहिल्या दिवसात लागलेलं अ‍ॅट्रोपिनही सलगवाल्यांत बरंच कमी. रुग्ण मध्यम बाधेचे, लवकर पोचलेले आणि व्हेंटिलेटर हाताशी असलेले होते, हे विसरू नका.

निवासी डॉक्टर
पण सर, बारामतीत दोन्ही गटांना पाम मिळालं होतं. त्यातून "कसं द्यावं" एवढंच कळतं, "द्यावं की नाही" ते कळत नाही.

भूलवाला
मान्य. तिथे मलाही उत्तर नाही. मी स्वतः काय करतो ते सांगतो: क्लोरपायरिफॉस किंवा क्विनालफॉस असेल, रुग्ण लवकर आला असेल, तर सुरू करतो. मोनोक्रोटोफॉस आठ तासांनी आलं तर नाही करत. माझ्याच विभागातले दुसरे सहकारी सगळ्यांना देतात. आमचं यावर चहाला भांडण ठरलेलं.

रात्रपाळी
स्टाफ नर्स, पंधरा वर्षं. साहेब लोक टक्क्यांवर भांडतात, पण खरी गडबड कुठे होते ते कुणी लिहिलं नाही. अ‍ॅट्रोपिन भीत भीत देतात. एक अ‍ॅम्प्यूल ०.६ मिलिग्रॅमचं. "दर पंधरा मिनिटांनी दोन द्या" असं लिहून नवखे डॉक्टर जेवायला जातात आणि इकडे पेशंटच्या नाकातोंडातून फेस. आणि दुसरं, पाम पटकन ढकलतात. ते भसकन दिलं की उलटी होते, नाडी उधळते, एकाचं हृदय बंद पडलेलं मी डोळ्याने पाहिलंय. निदान वीस मिनिटं तरी लावून द्यायचं.

कृषी केंद्रवाला
ताई, अ‍ॅट्रोपिन किती द्यायचं याला काही माप असेल ना? मी तर बाहुल्यांवरून ऐकलं होतं.

भूलवाला
रात्रपाळी ताईंचं म्हणणं सोन्यासारखं आहे. माप दाखवायला एक रुग्ण सांगतो, ओळख पटणार नाही असे तपशील बदलून.

पस्तिशीचा गडी, साठ किलो. गोठ्यातल्या पाण्याच्या बाटलीत कुणीतरी क्लोरपायरिफॉस ओतून ठेवलेलं; अंधारात पाणी समजून दोन घोट घेतले. दीड तासाने आमच्याकडे. अंगाला रॉकेलसारखा वास, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, नाडी ५२, वरचा रक्तदाब ८०, छातीला कान न लावताही घरघर ऐकू येत होती. ऑक्सिजन लावला, कुशीवर वळवलं, एकाने तोंडातला फेस ओढला, दुसऱ्याने हातमोजे घालून कपडे कापले.

अ‍ॅट्रोपिनची पहिली मात्रा तीन अ‍ॅम्प्यूल, म्हणजे १.८ मिलिग्रॅम. पाच मिनिटं थांबलो. छाती तशीच, म्हणून दुप्पट: सहा अ‍ॅम्प्यूल. पाच मिनिटांनी नाडी ७०, घरघर थोडी कमी, पण आहेच. बारा अ‍ॅम्प्यूल. पाच मिनिटं. छातीच्या तळाशी अजून आवाज. चोवीस अ‍ॅम्प्यूल. दोन सिस्टर नुसत्या काच फोडत होत्या. त्यानंतर छाती मोकळी, नाडी १०४, दाब १०८, काख कोरडी. एकूण पंचेचाळीस अ‍ॅम्प्यूल, २७ मिलिग्रॅम, वीस मिनिटांच्या आत. "दर पंधरा मिनिटांनी दोन" या हिशेबाने इथवर यायला साडेपाच तास लागले असते. तेवढा तो टिकला नसता. बांगलादेशातही या दोन पद्धती समोरासमोर ठेवून पाहिल्या आहेत. दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीत मृत्यू बरेच कमी निघाले.

मग एकूण मात्रेचा दहावा भाग, म्हणजे तासाला २.७ मिलिग्रॅम, सलग चालू ठेवला.

कृषी केंद्रवाले, बाहुल्यांचं तुमचं ऐकीव अर्धं खरं आहे. बाहुली सर्वांत उशिरा बदलते, आणि डोळ्यात औषधाचा तुषार उडालेला असेल तर ती बारीकच राहते. तिच्या मागे लागलात तर रुग्ण भ्रमिष्ट होईपर्यंत द्याल. छाती ऐका, काख चाचपा, नाडी आणि दाब बघा. नाडी आधीच जलद असेल तर लोक अ‍ॅट्रोपिन द्यायला घाबरतात, तेही चूक; विषामुळे कधी कधी सुरुवातीला नाडी जलदच असते.

सोनं, तुमच्या काकांचं पहाटेचं "मुंग्या वेचणं" बहुधा याच्या उलट टोकाचं. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की अंग तापतं, तोंड कोरडं, आतड्याचा आवाज बंद, लघवी अडते आणि माणूस हवेत काहीबाही पकडायला लागतो. उपाय तोच जो तिथे केला: थांबवा, शांत झाला की आधीच्या वेगाच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांनी परत लावा. पूर्ण बंद करून विसरलात तर चरबीत मुरलेलं विष पुन्हा उतरतं आणि छाती परत भरते. त्या रात्री तिथे कुणीतरी जागं होतं, एवढं नक्की.

निवासी डॉक्टर
सर, तुमच्या रुग्णाला पाम दिलं का?

भूलवाला
दिलं. २ ग्रॅम अर्ध्या तासात, मग तासाला अर्धा ग्रॅम. आणि तरीही तिसऱ्या दिवशी सकाळी, छाती स्वच्छ, शुद्ध पूर्ण, गप्पा मारतोय असा असताना त्याला उशीवरून मान उचलता येईना. दुपारी श्वास उथळ झाला. नळी घातली, नऊ दिवस व्हेंटिलेटर. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी या अवस्थेला इंटरमीजिएट सिंड्रोम नाव दिलं. अ‍ॅट्रोपिन तिथे निरुपयोगी, पामने टळतं का यावर मतभेद. माणूस वाचला तो व्हेंटिलेटरवर. पाम दिलं नसतं तर काय झालं असतं, हे एका रुग्णावरून कुणालाच सांगता येणार नाही.

रात्रपाळी
मान उचलायला लावणं मी प्रत्येक राउंडला करते. "दादा, छताकडे नको, पायाच्या अंगठ्याकडे बघा." उचलता आली नाही की डॉक्टरांना फोन. ऑक्सिजनचा आकडा पडायच्या कितीतरी आधी मान सांगते.

कृषी केंद्रवाला
बरं, एक विचारतो. रक्ताची कोलिनएस्टरेज तपासणी असते ना? त्यावरून कळत नाही का कुणाला किती लागेल?

निवासी डॉक्टर
बहुतेक ठिकाणी होते ती रक्तद्रवातली. ती कमी आली तर बाधा झाली हे कळतं, पण किती गंभीर ते कळत नाही. काही औषधांनी ती शून्याला टेकते आणि माणूस बसून चहा पितो. काविळीत, कुपोषणातही कमी येते. तांबड्या पेशींतली तपासणी जास्त खरी, पण ती तालुक्याला कुठून आणणार? उपचार छातीवर ठरवायचा, रिपोर्टवर नाही. (इथे सरांशी माझं एकमत आहे.)

वऱ्हाडी ठेचा
डबा संगं नेला पाह्यजे, हे तरी समजलं. आमी तवा फेकून देल्ला होता. डॉक्टर पुसे, "कोनतं औषध?" आमी म्हनलं, "हिरव्या झाकनाचं."

भूलवाला
हे फार वेळा होतं. डबा, नाहीतर लेबलचा फोटो. कार्बामेट जातीचं कीटकनाशक असेल तर एन्झाइम आपोआप काही तासांत सुटतं, पामची गरज सहसा पडत नाही. अ‍ॅट्रोपिन मात्र लागतंच. झाकणाच्या रंगावरून हे कुणाला कळणार? आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. यातली बरीच औषधं रॉकेलसारख्या द्रावणात असतात, ती उलटीबरोबर फुप्फुसात गेली की दुसरंच संकट उभं राहतं.

पांढरं सोनं
सगळ्यांचे आभार. काल भावाला शेजारी बसवून हा धागा वाचून दाखवला. तो म्हणतो, तक्रार नाही करत, पण पाम का दिलं नाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय. आज डिस्चार्जच्या वेळी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "डबा बघितला म्हणून नाही दिलं. क्लोरपायरिफॉस असतं तर दिलं असतं." भाऊ गप्प.

काकांना मान उचलायला लावली, नीट उचलतात. पण आज सकाळपासून म्हणतायत की तळपायाला मुंग्या येतात. या खऱ्या मुंग्या की त्या रात्रीसारख्या, असं काकूंनी विचारलं तर चिडले. याचा त्या विषाशी संबंध असू शकतो का?

भूलवाला
असू शकतो, नसूही शकतो. काही ऑर्गॅनोफॉस्फेटनंतर एक ते तीन आठवड्यांनी पायाच्या लांब नसा दुखावतात; आधी तळपायाला मुंग्या, पोटऱ्या दुखणं, मग चालताना पाऊल खाली लोंबणं. सहाव्या दिवशी म्हणजे जरा लवकर आहे. साखर तपासलीय का त्यांची? पुढचे तीन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी टाचांवर चालायला लावा. पाऊल घासायला लागलं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. अ‍ॅट्रोपिन किंवा पामने हे बरं होत नाही, त्यामुळे कुणी आता पाम घ्यायला सांगितलं तर घेऊ नका.

पांढरं सोनं
साखर १८० निघाली होती भरतीच्या वेळी. ती विषामुळे म्हणाले होते, परत कुणी बघितली नाही. उद्या उपाशीपोटी तपासून इथेच टाकतो.